ती इंग्रजीत कुठे गेली?



मी मुलाखतींचं शब्दांकन करते. रेकॉर्डिंग ऐकायचं, जसंच्या तसं उतरवायचं आणि त्यातून एक सलग मराठी मजकूर करायचा. इंग्रजी मजकूर वेगळा होतो. बोलणारी माणसं मात्र एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलतात. आज मी एकाच मुलाखतीतल्या काही वाक्यांबद्दल सांगणार आहे, कारण ती मी आधी बिघडवली होती. बोलणारीच्या परवानगीने सांगते आहे.

तिशीतली मुलगी, आईच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलत होती. टेपवर असं आहे: "रिपोर्ट आला अँड आय जस्ट फ्रोझ. मला काही रिअ‍ॅक्टच करता येईना. दोन महिने मी डिनायलमध्येच होते. मग हळूहळू मी ते अ‍ॅक्सेप्ट केलं. अम्मीला मी अजून खूप मिस करते."

मी लिहिलं: "अहवाल आला आणि मी गोठून गेले. मला काही प्रतिक्रियाच देता येईना. दोन महिने मी नकारात्मक अवस्थेत होते. मग हळूहळू मी त्याचा स्वीकार केला. आईची अजून खूप उणीव भासते."

तिला वाचायला पाठवलं. ती म्हणाली, "ताई, सगळं बरोबर आहे. पण हे कोण बोलतंय?"

मी प्रत्येक इंग्रजी शब्दासमोर कोशातला मराठी शब्द ठेवला होता. 'नकारात्मक' तर सरळ चूकच होती. तिला सांगायचं होतं की ते खरं आहे असं ती मानतच नव्हती. 'रिपोर्ट'चा 'अहवाल' करण्याची गरजच नव्हती, कारण दवाखान्यातून आपण कुणीच अहवाल आणत नाही. तो शब्द मराठीत कधीच मुरला आहे. आणि 'अम्मी'ची 'आई' मी कोणत्या हक्काने केली, हे मला आजही सांगता येणार नाही. इंग्रजी काढायला बसलेला हात घरातल्या शब्दांवरही फिरतो, एवढंच.

खरी अडचण क्रियापदांची आहे. 'अ‍ॅक्सेप्ट करणे', 'मिस करणे' यांत इंग्रजी शब्दाला 'करणे' जोडलेलं असतं. कोशातून 'स्वीकार' आणून त्याला तेच 'करणे' लावलं की सरकारी पत्र तयार होतं. मराठीत अशा ठिकाणी बहुतेक वेळा वाक्याची घडणच बदलते. 'मी अम्मीला मिस करते' याचं 'मला अम्मीची आठवण येते' होतं. 'मी' होती तिथे 'मला' आली. इथे ते चालतं. 'अ‍ॅक्सेप्ट'ला मात्र 'मला ते पटलं' चालेना, कारण आजार म्हणजे काही पटवून घ्यायचा मुद्दा नव्हे. 'मान्य केलं' लिहिलं तर गुन्हा कबूल केल्यासारखं वाटतं. शिवाय त्यात तिने स्वतः काहीतरी केलं होतं, ती 'मी' जायला नको होती. शेवटी 'मनाची तयारी केली' सापडलं.

व्याकरणाचीही एक खोच आहे. पुढे ती म्हणते, "पैशांचा मोठा प्रॉब्लेम झाला होता." एकच शब्द बदलायचा, पण 'अडचण' स्त्रीलिंगी. मग 'पैशांची मोठी अडचण झाली होती' असं सगळं वाक्यच फिरतं. घाईत 'मोठा अडचण' छापून जातं. म्हणून शब्द बदलला की वाक्य पहिल्यापासून मोठ्याने वाचायचं.

आता सुराबद्दल. ती इंग्रजीत कुठे जाते, ते मी पुन्हा ऐकलं. जिथे रडू येईल, तिथे. इंग्रजी तिच्यासाठी हातभर लांब उभं राहण्याची जागा होती. मराठीत तो संयम आणायचा तर भारी शब्द टाळायचे आणि वाक्यं आखूड ठेवायची. तिने मान्य केलेला मजकूर असा:

"रिपोर्ट आला आणि मी नुसती उभी राहिले. काही सुचेचना. दोन महिने हे खरं आहे असं मी मानतच नव्हते. मग हळूहळू मनाची तयारी केली. अम्मीची अजून खूप आठवण येते."

'रिअ‍ॅक्टच' मधला 'च' 'सुचेचना' मध्ये आला आहे. तो जाऊ दिला असता तर तिचा आवाजच गेला असता.

एक वाक्य मात्र असं बदलता आलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, "देअर इज नथिंग मोअर वुई कॅन डू." याचं नुसतं मराठी केलं, की त्या खोलीत काय घडलं तेच पुसलं जातं, कारण अम्मीला इंग्रजी येत नव्हतं. आम्ही एक शब्द वाढवला: "डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, आता आमच्या हातात काही नाही. अम्मी माझ्याकडे बघत राहिली, मी सांगेन म्हणून." इंग्रजी मजकुरातही 'इंग्रजीत' हा शब्द मुद्दाम घालावा लागला. तिथे तर सगळेच इंग्रजी बोलताना दिसतात, अम्मीसुद्धा.