‘यंदा तरी’

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी काही वर्षे आपल्या मंडळाचा चिटणीस होतो. म्हणजे निरोप पाठवणे आणि त्यावरून झालेले रुसवे काढणे, ही दोन्ही कामे माझीच. त्यातला एक निरोप आज सांगतो.

अथर्वशीर्षाचा सराव घेणाऱ्या काकूंना मी लिहिले होते, “यंदा तरी सराव लवकर सुरू करावा. मागच्या वर्षीसारखा गोंधळ नको. हॉल सहालाच मिळेल.” मागच्या वर्षी हॉलची चावी उशिरा पोहोचली होती आणि ती चूक माझी होती. मला तेवढेच म्हणायचे होते. काकूंचे उत्तर आले, “बरं.” सरावाला मात्र त्या आल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांनी माझाच निरोप मला सावकाश वाचून दाखवला. ‘यंदा तरी’वर आवाज चढला, ‘गोंधळ’पाशी थांबला. अक्षर एकही बदलले नव्हते, पण ऐकताना तो सरळ आरोप वाटला.

तेव्हापासून मी निरोप पाठवण्याआधी मोठ्याने वाचतो. मनात वाचताना आपला सूर आपल्याला ठाऊक असतो, डोळे पुढे पळतात. तोंडाने वाचताना कुठल्या तरी शब्दावर जोर द्यावाच लागतो. एकदा नेहमीच्या आवाजात वाचायचे, मग दिवसभराच्या कामाने वैतागलेल्या माणसाच्या आवाजात. दुसऱ्या वेळी टोचले, तर ते वाक्य बदलायचे. दोष बहुधा एखाद्या एवढ्याशा शब्दात सापडतो : तरी, च, अजून, पुन्हा. ‘यादी मिळाली नाही’ ही माहिती झाली. ‘अजून यादी मिळाली नाही’ म्हटले की ठपका आला. आणि ‘कृपया’ने भागेल असे समजू नका. ‘कृपया यंदा तरी’ जास्तच लागते!

यातही एक खोट आहे. स्वतःचे लिखाण वाचताना आपण नकळत गोड आवाज लावतो. म्हणून नाजूक निरोप मी पुतणीला वाचायला देतो, आधी काहीही न सांगता. ती हिंदी शाळेत शिकलेली, मराठी अडखळत वाचते. पदरचा सूर घालत नाही. मध्येच मला “म्हणजे मला म्हणायचंय की...” असे सांगावेसे वाटले, की पुढचे ते वाक्य निरोपातच घालायचे.

काकूंसमोर बसूनच मी नवा निरोप लिहिला आणि वाचला : “काकू, मागच्या वर्षी चावी माझ्यामुळे उशिरा आली, सगळ्यांना बाहेर ताटकळावे लागले. यंदा हॉल सहापासून मिळतो आहे. सराव कधी सुरू करू या, सांगाल का?”

काकू म्हणाल्या, “हेच आधी लिहिलं असतंस तर पोरं चार दिवस घरी बसली नसती. आणि सहा नको, साडेसहा कर. नातवाची शिकवणी असते.”