डाव्या हाताची लिपि

पेटी वाजविणाऱ्या आपल्याकडील वादकाचा डावा हात बहुधा भात्यावरच असतो. राणीसावरगांवासारख्या गांवच्या भजनांत काय किंवा शहरांतील दिवाणखान्यांत काय, हातपेटी म्हटली कीं एक हात सुरांचा व दुसरा वाऱ्याचा, ही वांटणी ठरलेली. संगीत नाटकांतील पायपेटीनें डाव्या हाताला मोकळें केलें खरें. परंतु घरोघरीं राहिली ती हातपेटीच. असा वादक पुढें पियानोकडे किंवा विजेच्या कीबोर्डकडे वळला आणि पाश्चात्य स्वरलिपि शिकूं लागला, म्हणजे ती लिपिही तो प्रथम उजव्या हातापुरतीच शिकतो. पांच रेघांचा एक स्टाफ, त्याच्या आरंभीं वळणदार ट्रेबल क्लेफ, आणि खालून वर मोजलेल्या रेघांवर ई, जी, बी, डी, एफ हे स्वर, एवढें त्याला अस्खलित वाचतां येतें. मग एके दिवशीं त्याच्यापुढें खऱ्या पियानोचा कागद येतो. त्यावर खालीं आणखी एक स्टाफ असतो, त्याच्या आरंभीं कानासारखें दिसणारें व दोन ठिपके असलेलें बेस क्लेफ असतें, आणि तेथें जुनें ज्ञान लागू पडत नाहीं. ही दुसरी लिपि नव्यानें पाठ करावयाची कीं काय, हा त्याचा प्रश्न असतो. त्या प्रश्नाचें उत्तर आज द्यावयाचें आहे.

पुष्कळजण येथें एक पळवाट काढतात. बेसच्या स्टाफवरील स्वर ट्रेबलचा समजून वाचावा आणि मग दोन अक्षरें पुढें जावें. सर्वांत खालच्या रेघेवर ट्रेबलमध्यें ई असतो. ई, एफ, जी असें मोजलें कीं बेसमधील जी मिळतो. अक्षर बरोबर येतें. परंतु पट्टी मिळत नाहीं. कारण हा जी नेमका कोणत्या सप्तकांतला, हें ही युक्ति सांगत नाहीं. मोजून आलेल्या जी-च्याही दोन सप्तकें खालीं तो असतो. शिवाय दोन हात एकाच वेळीं चालत असतां प्रत्येक स्वरागणिक अशी बेरीज करण्यास सवड कोठून मिळणार?

ही बेरीज विसरली तर काय होतें, तेंही पाहण्यासारखें आहे. बेसच्या स्टाफवर दोन रेघांमधलीं चार घरें असतात. त्यांतील खालून दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या घरांत सी, ई, जी बसतात. पांढरी एक हा षड्ज धरला तर हे सा, ग, प झाले. तींच घरें ट्रेबल समजून वाचलीं तर ए, सी, ई येतात. म्हणजे ध, सा, ग. मोकळ्या, उजळ मेजर मेळाऐवजीं उदास मायनर मेळ वाजतो. मेळ एकदम वाजविला तर कान ही चूक पकडतो. परंतु डाव्या हातांत एकेकटाच स्वर असेल, तर तो दोन पट्ट्या खालचा स्वर वरच्या सुरांशीं बऱ्याच वेळां जुळूनही जातो आणि चूक दडून राहते. म्हणून कानावर सर्वस्वीं विसंबतां येत नाहीं. डोळ्यालाच जागा कळली पाहिजे.

ती कळण्याचा मार्ग आपणांस ठाऊक असलेल्या स्टाफमधूनच जातो. कागद व पेन्सिल घ्या आणि ट्रेबलच्या पांच रेघा ओढा. सर्वांत खालच्या रेघेवर ई आहे. तिच्या लगत खालीं डी. त्याच्या खालचा सी लिहावयास रेघ उरत नाहीं, म्हणून त्या स्वरापुरती एक आखूड रेघ ओढून तीवर सी ठेवतात. हिला लेजर लाइन म्हणतात; आपण तिला जोडरेघ म्हणूं. हा सी म्हणजे पियानोच्या साधारण मध्यावरचा, ज्याला मिडल सी म्हणतात तो. येथें थांबूं नका. सी-च्या जोडरेघेखालीं बी. मग दुसरी जोडरेघ ओढा, तीवर ए. तिच्याखालीं जी, तिसऱ्या जोडरेघेवर एफ. चौथीवर डी, पांचवीवर बी, सहावीवर जी. जिना तोच, पायऱ्या त्याच. फक्त आपण खालीं उतरत आहोंत.

आतां पहिली जोडरेघ तशीच आखूड राहूं द्या आणि तिच्या खालच्या पांच रेघा कागदभर लांब करा. त्यांवर वरून खालीं ए, एफ, डी, बी, जी हे स्वर आहेत. श्रोतेहो, हाच बेसचा स्टाफ! तो कोणतीही परकी लिपि नसून ट्रेबलखालच्या दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या जोडरेघा होत. सहा-सहा आखूड रेघा मोजतांना डोळा थकतो, म्हणून त्यांना स्वतःचा स्टाफ दिला आणि तो ओळखूं यावा म्हणून एफ-च्या रेघेला दोन ठिपक्यांच्या मध्यें धरलें. ट्रेबलचें चिन्ह आपलें वेटोळें जी-च्या रेघेभोंवतीं घालतें. बेसचे ठिपके एफ-ची रेघ दाखवितात. जी-ची रेघ आपल्या स्टाफमध्यें खालून दुसरी, एफ-ची रेघ आपल्या स्टाफमध्यें वरून दुसरी. दोन्ही चिन्हांचें काम एकच: एका रेघेचें नांव सांगणें.

छापलेल्या कागदावर मात्र एक फसगत होते. दोन स्टाफांमध्यें वाचण्याच्या सोयीसाठीं बरेंच अंतर सोडलेलें असतें. त्यामुळें मिडल सी कधीं वरच्या स्टाफला खालून चिकटलेला दिसतो, तर कधीं खालच्या स्टाफला वरून. जागा दोन दिसल्या तरी पट्टी एकच. कागदावर अंतर आहे, सुरांत नाहीं. वरच्या स्टाफजवळ लिहिला तर तो उजव्या हातानें वाजवावा, खालच्याजवळ लिहिला तर डाव्यानें, एवढाच सर्वसाधारणपणें त्याचा अर्थ. ह्याच कारणानें बेसच्या स्टाफवरही जोडरेघा चढतात. त्याच्या वरच्या पहिल्या जोडरेघेवर सी, दुसरीवर ई. आणि हा ई म्हणजे ट्रेबलच्या सर्वांत खालच्या रेघेवरचाच ई.

ह्यापुढें प्रत्येक स्वर मोजीत बसण्याचें कारण नाहीं. चार खुणा पक्क्या कराव्या. पहिली, ठिपक्यांमधला एफ. दुसरी, स्टाफच्या वरच्या पहिल्या जोडरेघेवरचा मिडल सी. तिसरी, त्याच्या एक सप्तक खालचा सी. हा बेसच्या खालून दुसऱ्या घरांत राहतो. चौथी, आणखी एक सप्तक खालचा सी. हा स्टाफच्या खालीं दुसऱ्या जोडरेघेवर लोंबतो. ट्रेबलच्या वरही असाच एक सी दुसऱ्या जोडरेघेवर असतो. जणूं मिडल सी-पाशीं आरसा धरला आहे. राहिलेले स्वर जवळच्या खुणेपासून ओळखावे. रेघेवरून शेजारच्या घरांत गेलें तर शेजारची पांढरी पट्टी. रेघेवरून शेजारच्या रेघेवर गेलें तर मधली एक पट्टी सुटते.

आतां हें सर्व एका प्रत्यक्ष रचनेवर तपासूं. योहान सेबास्टियन बाख ह्यानें १७२२ सालीं ‘वेल-टेम्पर्ड क्लॅव्हियर’ ह्या संग्रहाचा पहिला भाग सिद्ध केला. त्यांतील पहिली रचना म्हणजे सी मेजरमधील प्रेल्यूड. उभ्या रेघांनीं पाडलेल्या खंडांना बार म्हणतात; असे हिचे ३५ बार आहेत. आज मिळणाऱ्या बहुतेक प्रतींत पहिल्या बारमध्यें डाव्या हाताचे दोन स्वर बेसच्या स्टाफच्या वर, पहिल्या व दुसऱ्या जोडरेघेवर आहेत: मिडल सी आणि ई. नवशिका येथेंच अडखळतो आणि डावा हात फार खालीं नेतो. वस्तुतः दोन्ही हात मध्यावर अगदीं शेजारीं असतात. उजव्याचा पहिला स्वर त्या ई-च्या वरचा लगतचा जी आहे.

पुढें प्रत्येक बारमधील सर्वांत खालच्या स्वराकडे तेवढें पाहत चला. तिसऱ्या बारमध्यें बी येतो. तो सी-च्या खालीं, वरच्या रेघेला टेकून, जोडरेघेवांचून बसतो. नवव्यांत ए, म्हणजे सर्वांत वरची रेघ. दहाव्यांत मधल्या रेघेवरच्या डी-वर एक उडी, आणि अकराव्यांत पुन्हां वर, वरच्या घरांतला जी. तेराव्यांत ठिपक्यांमधला एफ, पंधराव्यांत त्याखालच्या घरांतला ई, सतराव्यांत मधल्या रेघेवरचा डी. अठराव्यांत सर्वांत खालच्या रेघेवरचा जी आणि एकोणिसाव्यांत खालून दुसऱ्या घरांतला सी. अशा रीतीनें मिडल सी-पासून एक सप्तक आपण सगळे स्वर घेत उतरलों. चोविसाव्या बारपासून आठ बार खालच्या रेघेवरचा तोच जी घुमत राहतो, आणि शेवटच्या चार बारांत खालच्या दुसऱ्या जोडरेघेवरचा सी येतो. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर ही सामान्यतः सर्वांत डावीकडची पट्टी. ती संपली आणि स्वर शिल्लक राहिला, तर वाचन कोठें तरी चुकलें किंवा वाद्य दुसऱ्या सप्तकांत लावलेलें आहे, असें समजावें. कांहीं जुन्या छापांत बाविसाव्या बारनंतर एक परका बार घुसविलेला आढळतो; तशी प्रत हातीं असल्यास पुढचे आंकडे एकानें वाढतील.

दोन मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. जोडरेघा तीन-चारांपलीकडे गेल्या कीं सरावलेला वाचकही घोंटाळतो. म्हणून अतिखालच्या स्वरांखालीं आठाचा आंकडा व तुटक रेघ देतात. ती रेघ चालेल तोंवर लिहिल्यापेक्षां एक सप्तक खालीं वाजवावें. दुसरें असें कीं, खालचा स्टाफ म्हणजे नेहमीं बेसच, असें नाहीं. डावा हात बराच वेळ वर राहणार असेल तर रचनाकार खालच्या स्टाफवर मध्येंच ट्रेबलचें चिन्ह घालतो, आणि हात उतरला कीं पुन्हां बेसचें. म्हणून प्रत्येक ओळीचा आरंभ आणि मध्यें आलेलें प्रत्येक चिन्ह पाहिल्यावांचून बोट ठेवूं नये.

पं. भातखंडे ह्यांच्या स्वरलिपींत मंद्र सप्तकाच्या स्वराखालीं बिंदु देतात. तो बिंदु वाचण्यास आपणांस निराळी विद्या लागत नाहीं. बेसचा स्टाफ हेंही तसेंच मंद्राकडे उतरणें आहे. ज्यांनीं हातांत पेन्सिल घेतली असेल, त्यांनीं अकरा रेघांचा तो कागद वाद्यावर ठेवावा, मधली आखूड रेघ मिडल सी-च्या पट्टीशीं जुळवावी, आणि एकेक रेघ वाजवीत डाव्या हातानें खालीं यावें. सहाव्या रेघेशीं जी वाजला कीं हिशेब जुळला.