यकृताची बायोप्सी : केव्हा, कशी आणि त्यानंतर काय



शिरूर-दौंडकडचे रुग्ण यकृताच्या तक्रारी घेऊन पुण्यात येतात, तेव्हा हातात रिपोर्टांची जाडजूड पिशवी असते. रक्ताच्या तपासण्या झालेल्या असतात, सोनोग्राफी झालेली असते, हल्ली बऱ्याचदा फायब्रोस्कॅनही झालेला असतो. एवढं सगळं पाहून डॉक्टर म्हणतात, "यकृताचा लहानसा तुकडा काढून तपासावा लागेल." मग प्रश्न येतो, "एवढी यंत्रं निघाली, तरी पुन्हा सुई कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर देण्याआधी मी आपल्याला पुण्यातलीच एक जुनी गोष्ट सांगतो.

१९८०च्या आसपासपर्यंत आपल्याकडे लहान मुलांना यकृताचा एक भयंकर आजार होत असे. सहा महिन्यांपासून तीन-चार वर्षांपर्यंतची मुलं. पोट फुगायचं, यकृत दगडासारखं घट्ट लागायचं, कावीळ व्हायची आणि बहुतेक मुलं काही महिन्यांत दगावायची. एकाच घरात दोन-दोन भावंडं गेल्याची उदाहरणं होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी, इंग्लंडच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासह, या मुलांचा अभ्यास केला. मुलांच्या यकृताचे तुकडे 'ऑर्सिन' नावाच्या रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर पेशींमध्ये गडद तपकिरी कण ठासून भरलेले दिसत. ती तांब्याची खूण होती. मग घरोघरी चौकशी झाली. बाळाला वरचं दूध लवकर सुरू केलेलं आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेलं, ठेवलेलं. कल्हई उडालेल्या भांड्यातलं तांबं दुधाला चिकटतं आणि दुधाबरोबर बाळाच्या यकृतात जाऊन साठतं. हे निष्कर्ष १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पितळी भांड्यांच्या घरातलं प्रत्येक मूल आजारी पडत नसे, म्हणजे काही मुलांत जन्मजात कमजोरीही असावी. पण भांडी बदलली तसा हा आजार दुर्मीळ होत गेला.

यकृत मोठं झालंय, कडक झालंय हे हाताला कळत होतं. रक्त तपासून कावीळ कळत होती. पण 'कशामुळे' हे सांगितलं ते सुईने काढलेल्या तुकड्याने. आजही बायोप्सीचं मुख्य काम हेच आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट करतो. पूर्वी ज्यांची बायोप्सी झाली असती, अशा बऱ्याच रुग्णांना आज तिची गरज पडत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी असेल, तर रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण आणि फायब्रोस्कॅन यांवर बहुतेक वेळा भागतं. साध्या चरबीयुक्त यकृताचंही तसंच. सिरॉसिसच्या रुग्णात गाठ आढळली आणि स्कॅनमध्ये तिचं रूप कर्करोगाचंच असेल, तर सुई शक्यतो टाळतात. "सुई घातली की रोग पसरतो," असं गावाकडे म्हणतात. ते सरसकट खरं नाही. पण यकृताच्या कर्करोगात सुईच्या मार्गावर क्वचित पेशी रुजतात, एवढा त्यात तथ्यांश आहे.

मग बायोप्सी कोणाला लागते? जिथे दोन उत्तरं शक्य आहेत आणि दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, त्यांना. अनेक रुग्णांवरून जुळवलेलं एक उदाहरण घेऊ.

दौंड तालुक्यातल्या शेचाळीस वर्षांच्या एक बाई. मधुमेह आहे. थकवा आणि डोळ्यांना पिवळेपणा म्हणून तपासणी केली. एसजीपीटी ४१०, जे साधारण ४०च्या आत हवं. बिलिरुबिन ४.२. हिपॅटायटिसच्या तपासण्या निगेटिव्ह. सोनोग्राफीत थोडी चरबी. खोदून विचारल्यावर कळलं, दोन महिन्यांपासून त्या रोज गुळवेलीचा काढा घेत होत्या. कोविडच्या काळात, २०२०च्या अखेरीस, मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याचं आढळलं होतं. म्हणून काढा बंद केला. पण सहा आठवड्यांनंतरही एसजीपीटी २८०च होतं. शिवाय शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली की जी 'एएनए' तपासणी पॉझिटिव्ह येते, ती इथे जेमतेम पॉझिटिव्ह होती.

काढ्याचाच त्रास असेल तर थोडं थांबणं हाच उपचार. प्रतिकारशक्तीचा आजार, म्हणजे ऑटोइम्यून हिपॅटायटिस, असेल तर स्टिरॉइड द्यावं लागतं आणि गोळ्या वर्षानुवर्षं चालतात. मधुमेही बाईंना स्टिरॉइड विनाकारण दिलं तर साखर भडकणार. गरज असून दिलं नाही तर यकृत जाणार. फायब्रोस्कॅन इथे कामाचा नव्हता. तो यकृताचा कडकपणा मोजतो, आणि सुजेमुळेही यकृत कडक लागतं. त्यामुळे सूज असताना आकडा खोटा वाढतो. म्हणून बायोप्सी ठरली.

आधीची तयारी अशी असते. रक्तातल्या प्लेटलेट आणि रक्त गोठण्याची वेळ म्हणजे आयएनआर पाहतात. प्लेटलेट पन्नास-साठ हजारांच्या वर आणि आयएनआर दीडच्या आत असावा, असा साधारण दंडक आहे. रक्तगट तपासून ठेवतात. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगायलाच हवं. मात्र त्या आपल्या मनाने बंद करू नयेत; हृदयात स्टेंट असेल तर तेच जिवावर बेतू शकतं. पोटात खूप पाणी झालं असेल किंवा रक्त गोठत नसेल, तर मानेच्या शिरेतून नळी यकृतापर्यंत नेऊन आतल्या आत तुकडा घेतात. म्हणजे रक्त आलं तरी ते बहुधा शिरेतच राहतं.

नेहमीची पद्धत सोपी आहे. रुग्णाला पाठीवर निजवून उजवा हात डोक्याखाली घ्यायला सांगतात. सोनोग्राफीने बरगड्यांमधली सुरक्षित जागा ठरवतात. तिथली कातडी आणि खाली यकृताच्या आवरणापर्यंतचा भाग बधिर करतात. हे इंजेक्शन चुरचुरतं. मग दोन-तीन मिलिमीटरचा छेद देतात आणि श्वास पूर्ण सोडून रोखायला सांगतात, कारण श्वासाबरोबर यकृत वरखाली होतं. 'खट्' असा आवाज होतो. सुई एक-दोन सेकंदच यकृतात असते. बाहेर येतो तो शेवईसारखा बारीक, दोनेक सेंटिमीटर लांब तुकडा.

हा तुकडा म्हणजे साऱ्या यकृताचा सुमारे पन्नास हजारावा भाग, आणि तीच या तपासणीची मर्यादाही आहे. आजार सगळीकडे सारखा पसरलेला नसेल, तर सुई नेमकी कमी बिघडलेल्या जागी लागू शकते. तुकडा फार लहान किंवा मोडका आला, तर पॅथॉलॉजिस्टलाही ठाम बोलता येत नाही. म्हणून कधी दोनदा सुई घालतात, आणि अहवाल नेहमी बाकीच्या तपासण्यांच्या शेजारी ठेवूनच वाचायचा असतो.

बायोप्सी सकाळी दहाला झाली. बाईंचे यजमान म्हणाले, "साहेब, घरी गुरं आहेत, धारा काढायच्यात. दुपारच्या गाडीने जातो." त्यांना सांगितलं, आज मुक्काम इथेच. यामागचं कारण नीट ऐका. या तपासणीतला खरा धोका रक्तस्रावाचा. रक्त द्यावं लागेल किंवा काही उपाय करावा लागेल असा रक्तस्राव साधारण पाचशेत एखाद्याला होतो. मृत्यू दहा हजारांत एखादा. रक्तस्राव व्हायचा तर निम्म्याहून अधिक वेळा पहिल्या दोन तासांत आणि जवळजवळ नेहमी चोवीस तासांच्या आत होतो. म्हणून पहिला तासभर दर पंधरा मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब बघतात, मग हळूहळू अंतर वाढवतात. काही तास अंथरुणातच राहायचं. घरी सोडलं तरी पहिली रात्र सोबतीला कोणीतरी हवं आणि रुग्णालय अर्ध्या-पाऊण तासाच्या आत हवं. दौंड किंवा शिरूर पुण्याहून साठ-सत्तर किलोमीटरच्या पलीकडे. नगर रस्त्यावर वाघोलीला वाहनं अडकली तर किती वेळ जातो, हे शिरूरकरांना मी सांगायला नको. पहिली रात्र पुण्यात नातेवाइकाकडे किंवा रुग्णालयातच काढावी.

दुपारी बाईंचा उजवा खांदा दुखू लागला. घरचे घाबरले, सुई पोटात आणि दुखतंय खांद्यात! पण यकृतावरच्या पडद्याची आणि खांद्याची संवेदना एकाच मार्गाने मेंदूकडे जाते, म्हणून असं होतं. नाडी ७८वर स्थिर, रक्तदाब ठीक. पॅरासिटामॉलने दुखणं थांबलं. याउलट नाडी शंभराच्या वर चढत चालली, घाम सुटला, चक्कर आली, पोट कडक होऊन दुखणं वाढत गेलं, दम लागला किंवा ताप आला, तर सकाळची वाट पाहायची नाही. आणखी एक खूण उशिरा, कधी आठवड्याने दिसते : पोटात कळा, डोळे पिवळे आणि शौचाला डांबरासारखं काळं. रक्त पित्ताच्या नळीत उतरत असेल तर असं होतं. तेव्हाही लगेच रुग्णालय गाठावं.

घरी गेल्यावर आठवडाभर पाण्याचा हंडा, उसाची मोळी, दुधाचे कॅन उचलू नयेत. पहिल्या दिवशी गाडी चालवू नये. दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात पॅरासिटामॉल घ्यावं; दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या नकोत. रक्त पातळ करणारं औषध पुन्हा केव्हा सुरू करायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

पाचव्या दिवशी अहवाल आला. प्रतिकारशक्तीच्या पेशींचे थवेच्या थवे यकृताच्या पेशींवर चालून गेलेले दिसत होते. पण निर्णायक ठरले ते व्रणाचे पट्टे. यकृतात असे जाड पट्टे पडायला वर्षं लागतात, आणि काढा तर दोनच महिने घेतला होता. म्हणजे आजार आधीपासून मुकाट्याने चालू होता. काढ्याने तो चेतवला असेलही, पण मूळ आजार ऑटोइम्यूनच. प्रेडनिसोलोन सुरू झालं, पुढे अॅझाथायोप्रिनची जोड दिली. साखरेसाठी काही काळ इन्सुलिन लागलं. चार महिन्यांनी एसजीपीटी ३६ आलं.

तेव्हा डॉक्टरांनी बायोप्सी सुचवली, तर नकार किंवा होकार देण्याआधी एकच प्रश्न विचारा : "या तुकड्याच्या अहवालाने माझा उपचार बदलणार आहे का?" उत्तर 'हो' असेल, तर सुई घ्यावी, आणि त्या रात्रीचा मुक्काम आधीच ठरवून निघावं.