तुकडे पाडण्याआधी थांबा

तर मंडळी, हे लिमिट वहीत लिहून घ्या: x उजवीकडून शून्याकडे जाताना 1/x − 1/(x²+x).

बरेच जण दोन तुकडे पाडतात. दोन्हीकडे अनंत येतं, मग अनंत वजा अनंत म्हणून शून्य लिहून मोकळे! पण वजाबाकीचा नियम तेव्हाच चालतो, जेव्हा प्रत्येक तुकड्याचं लिमिट ही एक ठरावीक संख्या असते. इथे एकाचंही तसं नाही. म्हणून लिमिटच नाही, असंही लिहू नका हं.

छेद समान करा. x²+x म्हणजे x(x+1), त्यामुळे वर x+1−1, म्हणजे नुसता x. तो खालच्या x शी कटला की उरतं 1/(x+1). उत्तर 1.

पटत नाही? कॅल्क्युलेटर काढा, x = 0.01 घ्या: 100 वजा 99.0099, म्हणजे 0.9901.