मत कोणाचे, शब्द कोणाचे?



वाङ्मयचौर्य म्हटले की दुसऱ्याच्या ग्रंथातील पाने जशीच्या तशी उतरवून घेणारा लेखक आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. असा लेखक ओळखणे सोपे असते. दार्शनिक किंवा धार्मिक सिद्धान्तांविषयी लिहिताना होणारे चौर्य याहून सूक्ष्म असते आणि ते पुष्कळदा प्रामाणिक माणसाच्या हातून घडते. आधारग्रंथातील शब्द बदलले म्हणजे मजकूर आपला झाला, अशी त्याची समजूत असते. या समजुतीमुळे मूळ अभ्यासकाचे श्रेय जाते, आणि त्याबरोबर सिद्धान्ताचा अर्थही बिघडतो. आज मी जैन दर्शनातील स्याद्वाद हे एकच उदाहरण घेऊन ही गोष्ट मांडणार आहे.

सिद्धान्ताविषयीच्या कोणत्याही विद्वत्तापूर्ण उताऱ्यात तीन थर असतात. पहिला थर परंपरेच्या परिभाषेचा. स्यात्, नय, भंग, अवक्तव्य हे शब्द कोणा एका आधुनिक लेखकाचे नाहीत. ते वापरल्याबद्दल कोणाचे ऋण मानावयाचे नसते आणि ते बदलण्याचा अधिकारही आपल्याला नसतो. दुसरा थर सिद्धान्ताच्या आशयाचा. सप्तभंगीतील सात भंग कोणते, हे परंपरेतील अनेक ग्रंथांत आहे. ते आपल्या शब्दांत सांगावे, आणि ग्रंथाग्रंथांत मतभेद असेल तेथे मूळ ग्रंथाचे नाव द्यावे. तिसरा थर अभ्यासकाच्या स्वतःच्या कमाईचा: त्याने लावलेला अन्वयार्थ, योजलेली उपमा, मुद्द्यांचा लावलेला क्रम. श्रेय द्यावयाचे ते या थराचे. नवशिक्या लेखक नेमके उलट करतो. तो परिभाषा बदलतो आणि अभ्यासकाचा क्रम व उपमा तशीच ठेवतो.

पुढील उतारा मी आजच्या विवेचनासाठी स्वतः रचला आहे. तो एखाद्या अभ्यासकाच्या ग्रंथात आहे, असे आपण क्षणभर समजू.

मूळ उतारा: “स्यात् हा संशयाचा शब्द नव्हे, तो विधानाच्या दारावर उभा असलेला पहारेकरी आहे. घट आहे असे म्हणणारा मनुष्य घटाविषयी साशंक नसतो. कोणत्या अपेक्षेने तो आहे, एवढेच तो बोलून दाखवीत नाही. चौथ्या भंगातील अवक्तव्य हीदेखील बुद्धीची शरणागती नव्हे. ती वाणीची मर्यादा आहे, कारण ‘आहे’ आणि ‘नाही’ ही दोन्ही एकाच शब्दाने, एकाच वेळी, प्रधानतेने सांगता येत नाहीत.”

आता याची सदोष पुनर्मांडणी पाहा: “स्यात् हे शंकेचे पद नाही, ते वाक्याच्या उंबरठ्यावरील रखवालदार होय. घट आहे असे सांगणारी व्यक्ती घटाबद्दल संभ्रमात नसते. कोणत्या दर्शनाने तो आहे, इतकेच ती उच्चारीत नाही. चौथ्या प्रकारातील अज्ञेयता हाही बुद्धीचा पराभव नसून ती भाषेची सीमा आहे, कारण अस्तित्व आणि अभाव एका पदाने एकदम मुख्यपणे मांडता येत नाहीत.”

येथे बहुतेक शब्द बदलले आहेत, तरी लेखकाचे स्वतःचे असे काहीच नाही. वाक्यांचा क्रम तोच आहे, ‘नव्हे’ म्हणून मग ‘आहे’ म्हणण्याची लकब तीच आहे, आणि पहारेकऱ्याचा रखवालदार झाल्याने उपमेचा धनी बदलत नाही. हे झाले चौर्य. पण नुकसान एवढ्यावर थांबत नाही. ‘अपेक्षा’ म्हणजे येथे विधान ज्या संदर्भाने केले तो संदर्भ. त्याऐवजी आलेला ‘दर्शन’ हा शब्द जैन ज्ञानमीमांसेत निराळ्याच अर्थाने रूढ आहे; वस्तूच्या विशेषांचे ज्ञान होण्यापूर्वीच्या सामान्य बोधाला तेथे दर्शन म्हणतात. ‘अवक्तव्य’चे ‘अज्ञेय’ करणे तर त्याहून घातक. जे एका शब्दात बोलता येत नाही ते जाणताही येत नाही, असे त्यातून निघते, आणि जैन परंपरेला ते मुळीच मान्य नाही. शब्दांची अदलाबदल करणाऱ्याला हे कळत नाही, कारण त्याने उतारा समजून घेतलेलाच नसतो.

योग्य रीत अशी. उतारा दोनदा वाचावा आणि तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे एका ओळीत टिपावे. पारिभाषिक शब्दांची वेगळी यादी करावी. मग ग्रंथ मिटून ठेवावा आणि विषय न जाणणाऱ्या वाचकाला समजावे अशा क्रमाने लिहावे. शेवटी ग्रंथ पुन्हा उघडून यादीतील शब्द शाबूत आहेत की नाहीत, आणि वाक्यांचा क्रम व उपमा नकळत उतरल्या आहेत काय, हे ताडून पाहावे. या रीतीने लिहिलेला मजकूर असा होईल:

“एकच वस्तू आहेही आणि नाहीही, असे म्हणणे विसंगत वाटते. जैन तार्किक प्रत्येक विधानाआधी ‘स्यात्’, म्हणजे ‘एका विशिष्ट अपेक्षेने’, हे अव्यय जोडून ही विसंगती दूर करतात. मातीचा घट स्वतःच्या द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांच्या अपेक्षेने आहे; वस्त्राच्या द्रव्यादिकांच्या अपेक्षेने तो नाही. ही दोन विधाने क्रमाने केली की तिसरा भंग होतो. दोहोंना सारखेच प्राधान्य देऊन ती एकदम करू गेल्यास शब्द अपुरा पडतो. हा चौथा भंग, अवक्तव्य. हे अपुरेपण वाणीचे आहे, बुद्धीचे नव्हे, याकडे अमुक अभ्यासकाने लक्ष वेधले आहे. स्यात् या शब्दाला तो विधानाचा ‘पहारेकरी’ म्हणतो.”

‘अमुक’च्या जागी अर्थातच नाव आणि पृष्ठांक येईल. घट आणि वस्त्र हे परंपरेचे चालत आलेले दृष्टान्त आहेत, म्हणून तेथे कोणाचे नाव नाही. ‘पहारेकरी’ हा शब्द अभ्यासकाचा, म्हणून तो अवतरणचिन्हांत आहे.

अन्वयार्थाचे श्रेय गाळल्याने काय होते, याचे एक प्रत्यक्ष उदाहरण देतो. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या मूलतत्त्वांविषयी लिहिताना सप्तभंगीचा संबंध संभाव्यतेच्या कल्पनेशी जोडला. हा त्यांचा स्वतःचा, विचार करण्याजोगा अन्वयार्थ आहे. परंतु एखादा लेखक त्यांचे नाव न घेता ‘स्याद्वाद हा संभाव्यतेचा सिद्धान्त होय’ असे लिहितो, तेव्हा महालनोबिसांचे श्रेय जाते आणि विसाव्या शतकातील एक मत प्राचीन आचार्यांच्या तोंडी पडते. त्याच्याशी असहमत असणाऱ्या वाचकाला वाद नेमका कोणाशी घालावयाचा, हेही कळत नाही.

आपणा अनुवादकांसाठी आणखी दोन गोष्टी. इंग्रजी ग्रंथातील परिच्छेद मराठीत आणल्याने तो आपला होत नाही. शंका आल्यास आपले वाक्य मनातल्या मनात पुन्हा इंग्रजीत न्यावे. मूळचे वाक्य परत मिळाले तर ती पुनर्मांडणी नसून अनुवाद आहे, आणि तो अनुवाद म्हणूनच छापला पाहिजे. दुसरी गोष्ट तळटीपेची. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या पादातील तेहतिसाव्या सूत्रावर, सप्तभंगीचे खंडन केले आहे. हे आपण एखाद्या आधुनिक ग्रंथात वाचले असेल, तर तळटीपेत नुसते भाष्याचे स्थळ देणे म्हणजे न वाचलेला ग्रंथ वाचल्याचे सांगणे होय. तेथे भाष्याबरोबर त्या आधुनिक ग्रंथाचेही नाव हवे, किंवा मग भाष्य स्वतः उघडून पाहावे. पाहिल्यास एक लाभ असाही होतो, की खंडनाचा जो सारांश आपण उचलणार होतो तो कितपत न्याय्य आहे, हे आपले आपल्याला ठरविता येते.