घरमालकिणीकडे पॅन नाही, मग भाड्याच्या पावतीचे काय?

जानेवारी उजाडला की नोकरदारांकडे हिशेब विभागाची चिठ्ठी येते : भाड्याच्या पावत्या जमा करा. पावत्या असतात, पण 'घरमालकाचा पॅन क्रमांक' या रकान्याशी पेन थांबते.

जानेवारी २०२३ मध्ये असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी, आणि जुन्या जालन्यात दरमहा ११,००० रुपये भाड्याचे घर. घरमालकीण सत्तरीच्या आजी. पॅन विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे बाबा, ते कार्ड मी काढलेलंच नाही." कार्यालयातल्या लिपिकाने सांगितले, पॅन नाही तर सूट नाही.

ही सूट किती होती ते पाहू. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून दरमहा ६०,००० आणि घरभाडे भत्ता १२,०००. नियमानुसार तीन आकडे काढायचे आणि त्यांतला सर्वांत लहान करमुक्त धरायचा. वर्षाचा भत्ता १,४४,००० रुपये. जालना महानगरांच्या यादीत नसल्याने पगाराचे ४० टक्के, म्हणजे २,८८,०००. आणि भरलेल्या १,३२,००० भाड्यातून पगाराचा दहावा हिस्सा, ७२,००० वजा केला की उरले ६०,०००. हाच सर्वांत लहान आकडा. त्यांचे उत्पन्न २० टक्के कराच्या टप्प्यात होते. म्हणजे कर १२,००० आणि उपकर ४८०, असे १२,४८० रुपये त्या एका रिकाम्या रकान्यावर अडकले होते.

वास्तविक लिपिकाने नियम अर्धाच सांगितला होता. वर्षाचे भाडे एक लाखावर गेले की घरमालकाचा पॅन द्यावा लागतो, हे खरे. पण केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १० ऑक्टोबर २०१३ च्या परिपत्रकात पुढेच म्हटले आहे की, घरमालकाकडे पॅन नसेल तर तसे त्याचे घोषणापत्र, नाव व पत्त्यासह, द्यावे.

आजींना पॅन नसणे हा काही गुन्हा नव्हता. भाड्याच्या १,३२,००० रुपयांतून भरलेली घरपट्टी आणि उरलेल्याचे ३० टक्के वजा केले की करपात्र रक्कम ९२,४०० च्याही आत येत होती. शिवाय बचत खात्याचे थोडे व्याज. साठीपुढच्या व्यक्तीला तेव्हा जुन्या पद्धतीत तीन लाखांपर्यंत कर नव्हता.

मग आम्ही साध्या कागदावर घोषणापत्र केले. आजींचे नाव व राहण्याचा पत्ता, भाड्याच्या घराचा पत्ता, भाडेकरूचे नाव, कोणत्या महिन्यापासून किती भाडे, आणि 'माझ्याकडे पॅन नाही' हे वाक्य. खाली तारीख आणि आजींची सही. सोबत भाडेकरार आणि पावत्या. रोख भाडे ५,००० च्या वर असल्याने प्रत्येक पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट. पुढचे भाडे मात्र आजींच्या बँक खात्यात भरायला सांगितले. पावतीपेक्षा खात्यातली नोंद अधिक बोलते. परिपत्रकाची प्रत जोडल्यावर लिपिकाने कागद घेतले.

याआधी त्या गृहस्थांना दोन सल्ले मिळाले होते. पहिला, पावत्या ८,३०० च्या करा, म्हणजे वर्षाचा आकडा लाखाच्या आत राहील. पण करारात ११,००० आणि पावतीत ८,३००, हा खोटेपणा चटकन दिसतो; शिवाय सूटही घटून २७,६०० वर आली असती. दुसरा सल्ला, मेहुण्याचा पॅन लिहा. हा तर अधिक घातक. मग ते भाडे मेहुण्याचे उत्पन्न म्हणून दिसते आणि त्याच्या विवरणपत्राशी जुळत नाही. २०२०-२१ सालच्या मोठ्या रकमांच्या काही प्रकरणांत आयकर खात्याने अशीच विसंगती पकडली होती, हे एप्रिल २०२४ मध्ये खात्यानेच सांगितले.

कार्यालयाने कागद घेतलेच नाहीत तर? कर कापला जातो, पण सूट बुडत नाही. विवरणपत्र भरताना ती स्वतः मागता येते आणि जादा कापलेला कर परत मिळतो. मात्र फॉर्म सोळाशी आकडा जुळणार नाही, तेव्हा विचारणा झाल्यास दाखवायला घोषणापत्र, करार आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवाव्यात.

एक मर्यादा लक्षात घ्या. ही सूट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते, आणि २०२३-२४ पासून तुम्ही काही कळवले नाही तर नवी पद्धत लागू होते. तसेच १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने अर्ज त्या वर्षाच्याच नमुन्यात भरावा. म्हणून पावत्या गोळा करण्याआधी दोन्ही पद्धतींनी कर काढून पाहा. नवीत कर कमी येत असेल, तर आजींना सहीसाठी त्रास देण्याचे कारणच उरत नाही.