मोटारीचा विमा : घसारा आणि जादा हप्ता

मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करण्याची वेळ आली की विमा-प्रतिनिधी मूळ हप्त्याच्या खाली आणखी चार-पाच रकमा मांडून दाखवतो. 'झीरो डेप्रिसिएशन', इंजिनाचे संरक्षण, 'कन्झ्युमेबल्स', 'रिटर्न टु इन्व्हॉइस' अशी त्यांची नावे असतात. पुष्कळ लोक एक तर या साऱ्या रकमा निमूटपणे भरतात, किंवा साऱ्याच झटकून टाकतात. यांपैकी कोणतीही गोष्ट विचाराची नव्हे. यांतील कोणता जादा हप्ता द्यावा आणि कोणता देऊ नये, हे आपल्या मोटारीचे काय बिघडण्याचा संभव आहे यावर अवलंबून असते. तेव्हा आज मी मंचेरियलच्या रस्त्यावरची उदाहरणे घेऊनच हा विषय मांडणार आहे.

प्रथम घसारा म्हणजे काय ते पाहू. आपली मोटार अपघातात मोडली आणि जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसवला, तर आपल्याला जुन्याऐवजी नवे मिळाले, असे विमा कंपनी मानते. त्या नवेपणाची किंमत ती भरपाईतून वजा करते. ही वजावट मनाला येईल तशी नसते. २००२ सालच्या भारतीय मोटर दरपत्रकात तिचे कोष्टक दिलेले आहे. हप्त्याचे दर २००७ सालापासून खुले झाले, तरी हे कोष्टक आजही सर्वसाधारण पॉलिसींत तसेच आढळते. रबर, नायलॉन आणि प्लॅस्टिक यांच्या भागांवर, तसेच टायर, बॅटरी व एअरबॅग यांवर निम्मी किंमत कापली जाते. फायबरच्या भागांवर तीस टक्के कापतात. धातूच्या भागांची वजावट मात्र मोटारीच्या वयाप्रमाणे वाढत जाते. पहिले सहा महिने काहीच नाही, पहिले वर्ष पुरे होईपर्यंत पाच टक्के, दुसऱ्या वर्षी दहा, तिसऱ्या वर्षी पंधरा, चौथ्या वर्षी पंचवीस, पाचव्या वर्षी पस्तीस, आणि पुढे दहा वर्षांपर्यंत चाळीस. काचेवर मात्र काहीही वजावट नाही.

या कोष्टकातील दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्यासारख्या आहेत. 'माझी गाडी कोरी करकरीत आहे, तिला घसारा कसला?' असे पुष्कळांना वाटते. परंतु प्लॅस्टिकची निम्मी वजावट वय पाहत नाही. शोरूममधून गाडी बाहेर काढल्याच्या दुसऱ्या दिवशी बंपर फुटला, तरी त्याची अर्धी किंमत मालकाच्याच खिशातून जाते. आणि आजच्या मोटारीचा बंपर, जाळी, आरशांची घरे हे सारे भाग प्लॅस्टिकचेच असतात.

दुसरी गोष्ट काचेची. मंचेरियलहून आसिफाबाद, वांकडी या मार्गाने चंद्रपूरकडे जाणाऱ्यास कोळशाच्या टिप्परांचा अनुभव सांगायला नको. पुढच्या टिप्परच्या चाकाखालून उडालेला खडा आपल्या समोरच्या काचेवर बसतो आणि क्षणार्धात तिला तडा जातो. या भीतीने कोणी 'झीरो डेप्रिसिएशन'चा जादा हप्ता भरत असेल, तर तो जवळजवळ व्यर्थ भरत आहे. काच मूळ पॉलिसीतच घसाऱ्याशिवाय भरून मिळते. काचेभोवतीच्या रबरी पट्टीची निम्मी किंमत तेवढी आपल्याला सोसावी लागते, आणि काच चिकटवण्याच्या द्रव्याचा खर्च 'कन्झ्युमेबल्स'मध्ये धरला जातो. या दोन्ही रकमा काचेच्या मानाने किरकोळ आहेत.

मग 'झीरो डेप्रिसिएशन' उपयोगी पडते कोठे? एक हिशेब करून पाहू. समजा, साडेतीन वर्षांची, बाराशे सी.सी.ची एक मोटार याच रस्त्यावर पुढच्या वाहनावर आदळली. गॅरेजचे बिल बावन्न हजार रुपये झाले. त्यात बंपर व जाळी यांचे चौदा हजार, बॉनेट आणि मडगार्ड या पत्र्याच्या भागांचे सोळा हजार, काचेचे नऊ हजार, रंगाचे आठ हजार आणि मजुरीचे पाच हजार आहेत. आता वजावट पाहा. प्लॅस्टिकचे निम्मे, म्हणजे सात हजार. पत्र्याचे पंचवीस टक्के, म्हणजे चार हजार. काचेचे काही नाही आणि मजुरीचेही काही नाही. रंगाच्या बाबतीत एकूण रकमेचा चौथा हिस्सा हा रंगद्रव्याचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात, म्हणजे आठ हजारांवर एक हजार. एकूण घसारा बारा हजार रुपये झाला. याखेरीज पंधराशे सी.सी.पर्यंतच्या मोटारीच्या मालकाने प्रत्येक दाव्यात सक्तीने सोसावयाचे एक हजार रुपये आहेतच. म्हणजे कंपनी एकोणचाळीस हजार देईल आणि मालकाला तेरा हजार पदरचे घालावे लागतील. 'झीरो डेप्रिसिएशन' घेतलेले असते तर त्याला एक हजार, आणि तेल-बोल्टांसारख्या बारीक खर्चाचे काय असतील ते, एवढेच द्यावे लागले असते.

म्हणजे या अपघातात त्या जादा हप्त्याने बारा हजार वाचवले असते. आता असे धरू की कंपनी त्यासाठी वर्षाला अडीच हजार मागते. पाच वर्षांचे साडेबारा हजार होतात. तेव्हा असा अपघात चार-पाच वर्षांतून एकदा होईल असे ज्याला वाटते, त्याचा हिशेब जेमतेम जुळतो. जो नुकताच चालवायला शिकला आहे, जो रोज टिप्परांच्या रांगेतून जातो, किंवा ज्याच्या मोटारीचे सुटे भाग महाग आहेत, त्याने हा हप्ता अवश्य द्यावा. जो निवृत्त गृहस्थ आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत गाडी नेतो, त्याने तेच पैसे बँकेत ठेवावे. आपला हिशेब करताना माझे आकडे न घेता आपल्या कोटेशनमधील आकडा घ्यावा आणि बंपर व बॉनेट यांच्या किमती गॅरेजमध्ये विचाराव्या. एवढ्याने उत्तर आपोआप निघते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. हा हप्ता भरला की लहानसहान ओरखड्यासाठीही दावा करण्याचा मोह होतो. समजा, बंपरचे काम चार हजारांचे आहे. सक्तीचे एक हजार वजा जाता हाती तीन हजार येतील. परंतु त्या दाव्याने 'नो क्लेम बोनस' जातो. चार वर्षे दावा न करणाऱ्यास मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पंचेचाळीस टक्के सूट मिळते. तो हप्ता सात हजार असेल, तर तीन हजार एकशे पन्नास रुपये पुढच्याच वर्षी गेले, आणि सुटीची शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागली. तीन हजार मिळवण्यासाठी त्याहून अधिक घालवणे हा काही व्यवहार नव्हे. शिवाय पुष्कळ कंपन्या वर्षात असे दोनच दावे मान्य करतात, टायर आणि बॅटरी यांना या सवलतीतून वगळतात, आणि मोटार पाच ते सात वर्षांची झाली की ही सवलत देतच नाहीत. या अटी पॉलिसीच्या मागच्या पानांवर असतात. हप्ता भरण्यापूर्वीच त्या वाचाव्या.

आता पाण्याकडे वळू. २०२२ सालच्या जुलै महिन्यात गोदावरीला पूर आला आणि मंचेरियलच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, हे आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. पुरापासून होणारे नुकसान मूळ पॉलिसीतच अंतर्भूत असते. गाद्या, गालिचे, विजेच्या तारा यांची भरपाई घसारा वजा होऊन मिळते. इंजिनाची गोष्ट मात्र निराळी आहे. पाणी ओसरल्यावर मालक उत्सुकतेने किल्ली फिरवतो. तोपर्यंत हवेच्या मार्गाने पाणी सिलिंडरमध्ये गेलेले असते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या त्या पाण्यावर आदळतो आणि त्याचा कनेक्टिंग रॉड वाकतो. मग कंपनी म्हणते की हे नुकसान पुराने झाले नाही, ते किल्ली फिरवल्याने झाले. असे मागाहून ओढवलेले नुकसान मूळ पॉलिसीत येत नाही, आणि 'झीरो डेप्रिसिएशन'नेही ते येत नाही. कारण ती सवलत मान्य झालेल्या नुकसानीतील वजावट भरून देते. जे नुकसानच अमान्य झाले, त्याला ती काय करणार?

याकरिता इंजिनाच्या संरक्षणाचा जादा हप्ता निराळा असतो. ज्याची गाडी नदीजवळच्या वा सखल वस्तीत उभी राहते, किंवा ज्याला पावसाळ्यात पाण्याखाली जाणाऱ्या पुलांवरून ये-जा करावी लागते, त्याने 'झीरो डेप्रिसिएशन'च्याही आधी हा हप्ता भरावा. उंचावर राहणाऱ्यास त्याची गरज थोडी. मात्र हप्ता भरला तरी पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून पाहू नये. काही पॉलिसींत पाणी शिरल्यावर पुन्हा सुरू केलेल्या इंजिनाची भरपाई याही संरक्षणातून वगळलेली असते. बॅटरीची तार सोडवावी, पाणी कोठपर्यंत चढले होते त्याची छायाचित्रे घ्यावी, कंपनीला कळवावे आणि गाडी ओढून गॅरेजात न्यावी. तेलाची कांडी काढून पाहिली असता तेल दुधाळ दिसले, तर इंजिनात पाणी गेले आहे असे खुशाल समजावे.

शेवटची गोष्ट संपूर्ण नाशाची. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत लिहिलेल्या घोषित मूल्याच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला, किंवा गाडी चोरीस गेली, तर ते घोषित मूल्यच मिळते. 'झीरो डेप्रिसिएशन' येथेही मदतीस येत नाही. दोन वर्षांहून अधिक आणि तीन वर्षांपर्यंतच्या मोटारीचे घोषित मूल्य तिच्या किमतीहून तीस टक्क्यांनी कमी धरतात. म्हणजे आठ लाखांच्या गाडीचे पाच लाख साठ हजार. मधली तूट भरून काढते ती 'रिटर्न टु इन्व्हॉइस'ची सवलत. ती बहुधा पहिल्या तीन वर्षांपुरतीच मिळते. ज्याने कर्ज काढून नवी गाडी घेतली आहे, त्याला ती उपयुक्त आहे. गाडी गेल्यावरही कर्जाचे हप्ते राहतात.

तेव्हा श्रोतेहो, पुढच्या वेळी प्रतिनिधी रकमा मांडून दाखवील तेव्हा त्याला प्रत्येक रकमेबद्दल एकच प्रश्न विचारा : माझ्या गाडीचे काय बिघडले म्हणजे या रकमेतून मला पैसे मिळतील? काच म्हणाला, तर ती मूळ पॉलिसीतच आहे. प्लॅस्टिक, पत्रा आणि रंग म्हणाला, तर वरचा हिशेब मांडा. पाणी म्हणाला, तर आपली गाडी रात्री कोठे उभी असते ते आठवा.